सरकी ढेपेच्या तक्त्यावर बॉलिंजर पट्टे सहा महिन्यांत सर्वांत अरुंद झाले आहेत; आता साठा करावा काय?

दर्यापूरकर (धागा सुरू करणारे), सोमवार, रात्री 9:10

नमस्कार मंडळी. माझे तालुक्याच्या गावी पशुखाद्याचे लहानसे दुकान आहे आणि त्यात निम्मी उलाढाल सरकी ढेपेची असते. ढेपेचा वायदा एनसीडीईएक्सवर अकोल्याच्या भावावर चालत असल्यामुळे रोज संध्याकाळी त्याचा बंद भाव मी वहीत लिहितो आणि तक्त्यावर बॉलिंजर पट्टेही पाहतो. नेहमीचीच मांडणी आहे: 20 दिवसांची सरासरी आणि तिच्या वर-खाली दोन प्रमाण विचलनांवर एकेक रेषा.

गेल्या तीन व्यवहारांत हे पट्टे एकदम मिटल्यासारखे जवळ आले. वरच्या व खालच्या रेषेतील अंतराला सरासरीने भागून जी बँडविड्थ निघते, ती गुरुवारी 4.2 टक्के होती, शुक्रवारी 3.1 झाली आणि आज 1.2 वर आली. आजचा भाव 3,000 च्या आसपास, वरची रेषा 3,018 आणि खालची 2,982. सहा महिन्यांत इतका अरुंद पट्टा मी पाहिलेला नाही. यालाच स्क्वीझ म्हणतात आणि यानंतर मोठी चाल येते, असे सगळीकडे वाचले आहे. माझा प्रश्न सरळ आहे. दुकानासाठी दोनशे पोती आजच उचलून ठेवावीत काय? दुसरी शंका अशी की, माझ्या संगणकावरील हिशेब आणि मोबाइलवरचे ॲप यांच्या रेषा किंचित वेगळ्या येतात. चूक कोणाची?

पहिली फूट, सोमवार, रात्री 9:32

भाऊ, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. दोन विचलनांच्या आत 95 टक्के भाव राहतात, त्यामुळे भाव पट्ट्याबाहेर जाणे ही शंभरात पाचच वेळा घडणारी गोष्ट आहे. पट्टा आवळलेला असताना जर भाव बाहेर पडला, तर समजावे की दाबलेली स्प्रिंग सुटली. ज्या बाजूने फुटेल त्या बाजूने जायचे, एवढाच नियम. मी स्वतः वायद्यात असेच काम करतो. उद्या वरची रेषा तुटली तर मी घेणार, तुम्ही पोती उचलावीत.

गणितवाली, यवतमाळ, सोमवार, रात्री 10:15

मी तालुक्याच्या महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते, व्यापार करीत नाही, म्हणून साठ्याविषयी सल्ला देणार नाही. परंतु आकड्यांविषयी दोन-तीन गोष्टी सांगणे आवश्यक वाटते.

आधी लहान शंका. प्रमाण विचलन काढताना 20 ने भागायचे की 19 ने, एवढाच तुमच्या दोन हिशेबांतील फरक असावा. जॉन बॉलिंजर यांच्या मूळ पद्धतीत 20 ने भागतात. तुमच्या तक्त्यात `STDEV.S` असेल तर पट्टा सुमारे अडीच टक्क्यांनी जास्त रुंद दिसेल. बंद भाव B स्तंभात असतील तर बँडविड्थ अशी काढावी:

```
=4*STDEV.P(B2:B21)/AVERAGE(B2:B21)
```

आता 95 टक्क्यांविषयी. हा आकडा घंटेच्या आकाराच्या आदर्श वितरणाचा आहे आणि त्यातही प्रत्येक निरीक्षण दुसऱ्यापासून स्वतंत्र असेल तर. भावांना या दोन्ही अटी लागू होत नाहीत. प्रत्यक्ष बाजारात 20 दिवसांच्या या पट्ट्याच्या आत बंद भाव राहण्याचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्याही थोडे खाली येते, असे स्वतः बॉलिंजर सांगतात. म्हणजे पट्ट्याबाहेर पडणे तितके दुर्मीळ नाही, आणि पट्टा अरुंद असताना तर ते फारच स्वस्त असते. तुमच्या वरच्या रेषेला स्पर्श करण्यासाठी भावाला केवळ 18 रुपये चढावे लागतील.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गुरुवारपासून आजपर्यंत पट्टा 4.2 वरून 1.2 वर आला, पण या तीन दिवसांत भाव किती हलला? मला शंका आहे की तो जवळपास हललाच नाही. तसे असेल तर पट्टा आजच्या भावामुळे अरुंद झालेला नसून, 20 दिवसांपूर्वीची एखादी मोठी उडी हिशेबातून बाहेर पडल्यामुळे अरुंद झालेला आहे. वहीत चार आठवडे मागे जाऊन पाहावे.

जिनिंगचा मुनीम, सोमवार, रात्री 10:40

मॅडमची शंका रास्त आहे, पण उडी भावाची नसून सौद्याचीही असू शकते. वायद्याची मुदत महिन्याच्या 20 तारखेला संपते. त्यानंतर काही ॲप पुढच्या महिन्याचा सौदा त्याच रेषेला जोडून दाखवतात. दोन महिन्यांच्या भावांत पन्नास-साठ रुपयांचा फरक असणे नेहमीचेच. तक्त्यावर ती उडी दिसते, बाजारात मात्र तिला कोणी पाहिलेले नसते. दर्यापूरकर भाऊ, तुम्ही एकाच सौद्याचे भाव लिहिता की ॲपवरचे जोडलेले?

दर्यापूरकर, मंगळवार, सकाळी 7:05

मुनीमजी, मी एकाच महिन्याच्या सौद्याचे भाव लिहितो, त्यामुळे ती भानगड नाही. पण मॅडमचे म्हणणे बरोबर निघाले. चार आठवड्यांपूर्वी वेचणीच्या दिवसांत दोन दिवस पाऊस झाला, सरकी भिजल्याच्या बातम्या आल्या आणि ढेप 2,900 वरून एका दिवसात 3,000 वर गेली. त्यानंतर ती 2,980 ते 3,020 च्या आतच फिरत आहे. गुरुवारपासून तर तीन दिवसांचे बंद भाव 2,997, 3,004 आणि 3,001 आहेत. म्हणजे भाव जागचा हलला नाही, पट्टा मात्र मिटला. हे कसे होते, ते कृपया जरा विस्ताराने सांगावे. मी बारावीपर्यंतच शिकलो आहे.

गणितवाली, यवतमाळ, मंगळवार, दुपारी 1:20

सोप्यासाठी रोजची किरकोळ हालचाल बाजूला ठेवू आणि असे समजू की भाव आधी बरोबर 2,900 होता आणि उडीनंतर बरोबर 3,000 आहे. उडीच्या दहा दिवसांनी तुमच्या 20 च्या खिडकीत दहा जुने भाव आणि दहा नवे भाव असतात. सरासरी 2,950 येते, प्रमाण विचलन 50 येते, आणि पट्टा 2,850 ते 3,050 असा दोनशे रुपये रुंद दिसतो. लक्षात घ्यावे की दहा दिवस भाव स्थिर असतानाही पट्टा सर्वांत रुंद याच दिवशी असतो.

पुढे रोज एक जुना भाव बाहेर पडतो आणि एक नवा आत येतो. पाच जुने भाव उरले की रुंदी 173 रुपये राहते, तीन उरले की 143, दोन उरले की 120, एक उरला की 87, आणि शेवटचा जुना भाव गेला की शून्य. पाहा, पहिल्या पाच दिवसांत पट्टा केवळ 27 रुपयांनी आवळला आणि शेवटच्या दोन दिवसांत 120 रुपयांनी. तुमच्या खऱ्या भावांत दररोज आठ-दहा रुपयांची हालचाल असल्यामुळे शून्याऐवजी 36 रुपये उरले, आणि तेच तुमचे 1.2 टक्के.

म्हणून तुमच्या तक्त्यावरील हा अचानक मिटण्याचा देखावा बाजाराने काल काही केल्याचे चिन्ह नाही. बाजार शांत झाला तो चार आठवड्यांपूर्वीच. 20 दिवसांच्या सरासरीला ते काल कळले. याची खातरजमा करायची असेल तर तोच हिशेब 10 दिवसांवर करून पाहावा, किंवा दररोजच्या सर्वोच्च व सर्वांत कमी भावांतील फरक एका स्तंभात लिहावा. तो फरक चार आठवडे सारखाच लहान असेल, तर स्क्वीझ खरा आहे पण तो कालचा नाही.

कापूसवाला, वणी, मंगळवार, दुपारी 3:45

हा धागा वाचून मलाही माझे सांगावेसे वाटले. मी मागच्या एका हंगामात घरी कापूस ठेवला होता आणि बाजार समितीचे रोजचे भाव ॲपवरून उतरवून असेच पट्टे काढले होते. दोन महिने भाव 7,000 आणि 7,100 च्या मध्ये अडकला होता. पट्टा दोराइतका बारीक झाला. मला वाटले, आता फुटेल आणि वरच फुटेल, कारण लांब धाग्याचा हमीभाव त्या वर्षी, म्हणजे 2024-25 ला, 7,521 होता आणि बाजार त्याच्या खाली होता. मार्चपर्यंत थांबलो. फुटले काहीच नाही. घरात कापसाचे वजन घटले आणि अंगाला खाज सुटली ती वेगळी. मग या स्क्वीझचा उपयोग काय?

जिनिंगचा मुनीम, मंगळवार, सायंकाळी 5:10

वणीकर भाऊ, तुमचा पट्टा ज्या कारणाने बारीक झाला ते कारणच वेगळे आहे, त्यामुळे त्याची ढेपेच्या वायद्याशी तुलना होत नाही. एक तर, बाजार समितीचा जो सर्वसाधारण भाव छापून येतो तो हर्रासातल्या शेकडो गाड्यांमधून काढलेला एकच आकडा असतो, आणि तो बहुधा पन्नास किंवा शंभरच्या पटीत लिहिला जातो. एका गाडीला ओलावा जास्त म्हणून 6,700 आणि दुसरीला 7,250 मिळालेले असले तरी कागदावर सलग चार दिवस 7,050 दिसते. सुटीच्या दिवशी काही ॲप आदल्या दिवसाचाच भाव पुन्हा भरतात. अशा आकड्यांचे विचलन काढले तर पट्टा बारीक होणारच.

दुसरे असे की, सीसीआयची खरेदी सुरू असताना चांगला माल केंद्रावर जातो आणि खुल्या बाजारात उरतो तो बाकीचा. व्यापारी त्या मालाला हमीभावाच्या खाली ठरावीक अंतर ठेवून भाव लावतो. हमीभाव हंगामभर बदलत नाही, म्हणून व्यापाऱ्याचा भावही फारसा बदलत नाही. ही शांतता घेणारा आणि विकणारा यांच्या ओढाताणीतून आलेली नाही; ती एका खुंटीला बांधलेली आहे. खुंटी जोवर आहे तोवर दोर हलत नाही, मग पट्टा कितीही बारीक असो.

गणितवाली, यवतमाळ, मंगळवार, रात्री 8:30

मुनीमजींच्या म्हणण्याला एक पुस्ती जोडते. कापूसवाल्या भाऊंनी विचारलेला प्रश्न, म्हणजे पट्टा बारीक असूनही दोन महिने काहीच का झाले नाही, हा खुंटी नसलेल्या बाजारालाही लागू होतो.

बेनोआ मँडेलब्रॉट या गणितज्ञाने 1963 मध्ये भावांच्या चढउतारांवर जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यात त्याने अभ्यासलेले भाव कापसाचेच होते. त्यात त्याने नोंदवले की मोठ्या बदलांमागून मोठे बदल येतात, मग ते कोणत्याही दिशेचे असोत, आणि लहान बदलांमागून लहान. पुढे रॉबर्ट एंगल यांनी 1982 मध्ये याला सांख्यिकीय प्रतिमानाचे रूप दिले आणि 2003 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला.

आता याचा अर्थ नीट पाहा. लहान बदलामागून लहान बदल येत असतील, तर आज पट्टा बारीक असल्यामुळे उद्याचा दिवस शांत असण्याचीच शक्यता अधिक ठरते. स्क्वीझविषयी जे सांगितले जाते ते याच्या उलट वाटते, पण दोन्ही खरे आहे, कारण काळाचा पल्ला वेगळा आहे. चंचलता आपल्या नेहमीच्या पातळीकडे परत येते, म्हणून अतिशय शांत काळ कधीतरी संपतो. मात्र ती हळूहळू परतते, म्हणून तो काळ उद्याच संपेल असे नाही. दाबलेल्या स्प्रिंगची उपमा मला म्हणूनच पटत नाही. स्प्रिंगमध्ये दाबण्याने ऊर्जा साठते. अरुंद पट्ट्यात काहीही साठलेले नसते. बॉलिंजर यांनी बँडविड्थ सहा महिन्यांच्या नीचांकावर येणे ही स्क्वीझची खूण ठरवली; पण त्या खुणेत दिशा नाही आणि दिनांकही नाही.

पहिली फूट, मंगळवार, रात्री 8:55

मॅडम, गणित आपल्या जागी. आज भाव 3,026 वर बंद झाला आणि वरची रेषा तुटली. मी 3,026 ला घेतले आहे. दर्यापूरकर भाऊ, आता तरी पोती उचला.

दर्यापूरकर, मंगळवार, रात्री 9:20

खरे सांगायचे तर हात शिवशिवत आहेत. पण आज नवीन भाव धरून मी रेषा पुन्हा काढल्या, तेव्हा वरची रेषाच 3,022 रुपये 60 पैशांवर गेलेली दिसली. म्हणजे काल 3,018 होती, आज भावाने स्वतःबरोबर तिला वर ओढले, आणि भाव तिच्या वर केवळ साडेतीन रुपये बंद झाला. याला फूट म्हणावे काय?

जिनिंगचा मुनीम, मंगळवार, रात्री 9:50

साडेतीन रुपये म्हणजे काहीच नाही. आमच्या गावातील एका तेलगिरणीचा आणि शेजारच्या गावातील दुसऱ्या गिरणीचा ढेपेचा भाव एकाच सकाळी वीस-तीस रुपयांनी वेगळा असतो. पोत्याचा, ओलाव्याचा आणि उधारीच्या मुदतीचा फरक त्यात येतो. संपूर्ण पट्टाच 36 रुपयांचा असेल, तर एखाद्या मोठ्या खाद्य कारखान्याने एका दुपारी माल उचलला तरी रेषा तुटेल. त्यासाठी बाजाराचा विचार बदललेला असण्याची गरज नाही.

मी पट्ट्याकडे पाहण्याआधी सरकीच्या आवकेकडे पाहतो. ढेप ही सरकीचे तेल काढल्यावर उरलेली वस्तू आहे. गिरणी किती चालवायची हे सरकी आणि तेल या दोघांच्या भावांवर ठरते, ढेपेला कोणी विचारत नाही. सध्या पाऊस उघडला आहे, वेचणी जोरात आहे, आणि पुढच्या पंधरवड्यात जिनिंगमध्ये गाड्यांची रांग लागेल. अशा वेळी ढेप वर फुटायला कारण मला दिसत नाही. पण माझाही अंदाज चुकू शकतो, मागच्या वर्षी चुकला होता.

गणितवाली, यवतमाळ, बुधवार, सकाळी 6:50

दर्यापूरकर भाऊंनी विचारलेला प्रश्न अचूक आहे. एका दिवसाच्या बंद भावाने रेषा तुटली म्हणजे फूट झाली, असे मानण्यात धोका आहे, कारण स्क्वीझनंतरची पहिली हालचाल पुष्कळदा चुकीच्या बाजूची असते. खुद्द बॉलिंजर यांनीच याविषयी सावध केले आहे. इंग्रजीत त्याला हेड फेक म्हणतात, आपण त्याला हुलकावणी म्हणू. भाव एका रेषेच्या किंचित बाहेर जातो, उतावळ्यांना आत ओढतो, मग फिरून दुसऱ्या रेषेबाहेर जातो आणि खरी चाल तिकडे होते.

ती आधी ओळखण्याची खात्रीची रीत नाही. मी दोन गोष्टी पाहीन. पहिली, भावाने ओलांडायची ती रेषा कोणती? 20 दिवसांच्या पट्ट्याची रेषा तर सरकत राहते. त्याऐवजी चार आठवड्यांच्या शांत काळातील प्रत्यक्ष सर्वोच्च आणि सर्वांत कमी भाव स्थिर असतात. ते ओलांडले गेले काय हे पाहणे अधिक प्रामाणिक आहे. दुसरी, विरुद्ध बाजूची रेषा काय करते? खरी चाल सुरू झाली की विचलन इतके वाढते की भाव वर जात असतानाही खालची रेषा झपाट्याने खाली जाते, दोन्ही रेषा कात्रीसारख्या उघडतात. काल खालची रेषा 2,982 वरून 2,980 रुपये 50 पैशांवर आली. ही कात्री उघडली असे मला म्हणवत नाही.

चांदूरचा पोऱ्या, बुधवार, सकाळी 11:30

यासाठी केल्टनर चॅनल लावतात ना? बॉलिंजर पट्टे केल्टनरच्या आत गेले की स्क्वीझ, बाहेर आले की सुटला. माझ्या ॲपवर लाल-हिरवे ठिपकेच येतात, काही मोजावे लागत नाही.

गणितवाली, यवतमाळ, बुधवार, दुपारी 2:05

लावतात, आणि त्याचा एक खरा फायदा आहे. केल्टनरची रुंदी दिवसाच्या सरासरी वर-खालीवर अवलंबून असते, त्यामुळे एकाच दिवसाच्या जुन्या उडीचा प्रभाव तिच्यावर बॉलिंजरइतका पडत नाही. परंतु ठिपक्यांचा रंग बदलण्याचा दिवस हा शेवटी बॉलिंजर पट्टा कधी आवळला वा पसरला यावर ठरतो, आणि आपण वर पाहिलेली जुनी उडी तिथेही नडते. रंग पाहताना आपण काय मोजतो आहोत हे विसरायला होते, एवढीच माझी तक्रार. दिशेविषयी तोही काही सांगत नाही.

दर्यापूरकर, शुक्रवार, रात्री 9:00

चार दिवसांचा हिशेब देतो. मंगळवारी 3,026, बुधवारी 3,012, गुरुवारी 2,996 आणि आज 2,971. आज रेषा पुन्हा काढल्या: वरची 3,025 आणि खालची 2,975. भाव खालच्या रेषेबाहेर चार रुपये बंद झाला आहे. मॅडम म्हणाल्या तसे शांत काळातील सर्वांत कमी बंद भावही पाहिला. तो 2,983 होता आणि आज तोही तुटला. मंगळवारी मात्र शांत काळातील सर्वोच्च बंद भाव 3,019 होता, तोही तुटलाच होता. म्हणजे त्या कसोटीनेही मंगळवारी मी फसलोच असतो.

पोती मी मंगळवारी उचलली नाहीत, पण त्याचे श्रेय गणिताला नाही. गाडीवाला आला नाही.

पहिली फूट, शुक्रवार, रात्री 9:25

क्विंटलमागे 55 रुपये अंगावर आहेत. गुरुवारी भाव सरासरीच्या खाली बंद झाला तेव्हाच निघायला हवे होते, तसे माझ्याच नियमात लिहिलेले आहे. पण पट्टा इतका अरुंद होता की वाटले, एवढ्याशा हालचालीने काय होते. अजून सोडलेले नाही. सोमवारी पाहतो.

गणितवाली, यवतमाळ, शनिवार, सकाळी 7:40

दर्यापूरकर भाऊ, तुम्ही माझ्या कसोटीची मर्यादा बरोबर दाखवून दिली. मंगळवारी ती कसोटी सात रुपयांनी उत्तीर्ण झाली होती आणि दुसरी, म्हणजे विरुद्ध रेषेची कसोटी, अनुत्तीर्ण. दोन्ही एकत्र मागितल्या असत्या तर मंगळवार टळला असता. पण त्या कठोरपणाची किंमत अशी की खरी चाल येते तेव्हा तुम्ही तिच्यात उशिरा शिरता. कालचे पाहा: मंगळवारपासून खालची रेषा साडेपाच रुपये खाली गेली, वरची सुमारे अडीच रुपये वर, बँडविड्थ 1.7 टक्के. कात्री थोडी उघडली आहे, पुरेशी नाही. कालची फूटही हुलकावणीच असू शकते. हे मी एका उदाहरणावरून ठामपणे सांगणार नाही.

पहिली फूट यांना एकच सांगते. अरुंद पट्ट्यात सरासरी ही रेषेपासून जवळ असते, हाच या पद्धतीचा एकमेव ठोस लाभ आहे. मंगळवारी सरासरी 3,001 आणि काहीच होती. चूक झाली तर 25 ते 30 रुपयांत बाहेर पडता येत होते. तो लाभ सोडून दिला, तर स्क्वीझवर व्यवहार करण्याचे कारणच उरत नाही.

कापूसवाला, वणी, शनिवार, सकाळी 10:15

मग सोयाबीनवर हे लावून पाहू काय? माझ्याकडे चाळीस क्विंटल आहे.

जिनिंगचा मुनीम, शनिवार, सकाळी 11:00

भाऊ, सोयाबीनचा वायदा सेबीने डिसेंबर 2021 मध्ये थांबवला. तेव्हापासून तुमच्यासमोर पुन्हा बाजार समितीचा तोच पन्नासच्या पटीतला आकडा आहे, त्यावर पट्टे काढून कापसासारखेच होईल. काढायचेच असतील तर आपल्या स्वतःच्या पावत्यांवरचे भाव लिहा, आणि ओलाव्याचा आकडा शेजारी लिहा.

ढेपेविषयी माझा एक मतभेद राहिला आहे. सहा महिन्यांचा नीचांक ही कसोटी शेअर बाजारात ठीक असेल. ढेपेला हंगाम असतो. उन्हाळ्यात चारा संपतो तेव्हा भाव रोज हलतो, आणि जिनिंग भरात असते तेव्हा माल भरपूर असल्याने भाव नैसर्गिकच शांत असतो. मागील सहा महिन्यांत उन्हाळ्याचा शेवट आणि पावसाळा येतो. त्यांच्याशी आताची तुलना केली तर दरवर्षी याच काळात स्क्वीझ दिसेल. माझ्या मते मागच्या वर्षीच्या याच महिन्याशी तुलना करायला हवी.

गणितवाली, यवतमाळ, शनिवार, दुपारी 4:30

हा मुद्दा मला सुचला नव्हता आणि तो बलवान आहे. अडचण एवढीच की मागच्या वर्षीच्या एकाच महिन्याशी तुलना म्हणजे एकाच आकड्याशी तुलना. त्यासाठी किमान सात-आठ हंगामांच्या वह्या हव्यात, आणि दरवर्षीचा सौदा वेगळा. दर्यापूरकर भाऊ, तुमच्याकडे किती वर्षांच्या वह्या आहेत?

दर्यापूरकर, शनिवार, रात्री 8:45

पाच वर्षांच्या आहेत, त्यातील एकीला वाळवी लागली आहे. उरलेल्या चारांतील याच महिन्याचे भाव उद्या उतरवायला घेतो. तूर्त दुकानासाठी चाळीस पोतीच सांगितली आहेत, दहा दिवसांची विक्री तेवढीच असते. मुनीमजी, सोमवारी सरकीच्या किती गाड्या लागतात ते कळवाल काय?

जिनिंगचा मुनीम, सोमवार, सकाळी 9:30

फाटकाबाहेर एकतीस गाड्या उभ्या आहेत, गेल्या सोमवारी बारा होत्या. ढेप सकाळी 2,952 ने उघडली.